सीड गुंतवणुकीचा प्रस्ताव: कंपनीची किंमत, द्यायचा हिस्सा आणि पैशाचा वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पहिल्यांदा बाहेरचा पैसा उभा करणाऱ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांच्या संस्थापकांसाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. सगळीकडे एकच काल्पनिक उदाहरण वापरलं आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळतात की नाही हे तुम्हालाही तपासता येईल.

उदाहरणातली कंपनी नाशिकची आहे. ती द्राक्षबागेत लावायचं एक यंत्र बनवते. यंत्र तापमान, आर्द्रता आणि पान किती वेळ ओलं राहिलं हे मोजतं आणि डाऊनी किंवा भुरी या रोगांचा धोका कधी आहे ते शेतकऱ्याला मोबाइलवर कळवतं. आज 140 यंत्रं बागांमध्ये चालू आहेत. यंत्राची किंमत 22,000 रुपये, वर्गणी वर्षाला 4,000 रुपये. संस्थापक दोघं आहेत आणि त्यांच्याकडे मिळून 56,000 शेअर आहेत, दर्शनी किंमत 10 रुपये. त्यांना 1 कोटी 12 लाख रुपये उभे करायचे आहेत आणि त्या बदल्यात 20 टक्के हिस्सा द्यायची तयारी आहे.

प्रस्ताव लिहायला सुरुवात कुठून करायची? व्हॅल्युएशनपासून की खर्चापासून?

खर्चापासून. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या बहुतेक प्रस्तावांत आधी व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची किंमत, ठरलेलं असतं, मग त्याला शोभेल अशी रक्कम आणि शेवटी ती रक्कम संपेल असे खर्चाचे रकाने. वाचणाऱ्याला हे लगेच कळतं, कारण खर्चाचे आकडे 40, 30, 20 आणि 10 टक्के असे गोल असतात आणि त्यांतल्या कशालाच मागे हिशेब नसतो.

क्रम उलटा हवा. पुढच्या फेरीत कोणी तुम्हाला जास्त किमतीने पैसे द्यावेत, यासाठी कंपनीने तोपर्यंत काय सिद्ध केलेलं असावं लागेल, हे आधी ठरवा. मग तिथवर जायला किती महिने आणि किती पैसे लागतील ते काढा. ती झाली तुमची मागणी. तेवढ्या पैशासाठी किती हिस्सा सोडायला दोन्ही बाजू तयार आहेत हे ठरलं, की व्हॅल्युएशन भागाकारातून येतं. तीन आकडे वेगवेगळे भासतात, पण युक्तिवाद एकच असतो, आणि त्याचा पाया पैशाच्या वापरात असतो.

मग 1 कोटी 12 लाख हा आकडा आला कसा?

कंपनीला दोन हंगामांत दोन गोष्टी दाखवायच्या आहेत. पहिल्या हंगामात 300 आणि दुसऱ्यात 900 नवीन यंत्रं विकायची, आणि जुन्या ग्राहकांपैकी किमान 80 टक्के लोकांनी दुसऱ्या वर्षी वर्गणी भरलेली असायची. यासाठीचा खर्च असा मांडला आहे:

| कशासाठी | रक्कम (लाख रु.) | हिशेब |
|---|---|---|
| माणसं | 54 | महिना 3 लाख × 18 महिने |
| यंत्रांचा साठा | 28 | 200 यंत्रं × 14,000 |
| बसवणी आणि देखभाल | 14 | दोन तंत्रज्ञ, प्रवास, पेट्रोल |
| चाचण्या, कायदेशीर कामं, ऑडिट | 4 | |
| राखीव | 12 | 3 महिन्यांचा चालू खर्च |
| एकूण | 112 | |

महिन्याचे 3 लाख म्हणजे दोन संस्थापक प्रत्येकी 50 हजार, फर्मवेअर लिहिणारा 80 हजार, अ‍ॅप बघणारा 70 हजार आणि एक कृषी पदवीधर 50 हजार. तंत्रज्ञांचे पगार 18 महिन्यांत 9 लाख होतात आणि गावोगाव फिरण्याचे 5 लाख. माणसं, बसवणी आणि कागदपत्रं मिळून 72 लाख, म्हणजे दरमहा 4 लाख. हा तुमचा बर्न. विक्रीतून एक रुपयाही आला नाही असं धरून ही रक्कम 18 महिने पुरते, आणि राखीव पैशाने आणखी तीन.

साठ्याच्या ओळीवर थोडं थांबतो, कारण हार्डवेअर बनवणाऱ्या कंपन्या इथेच अडकतात. पहिल्या हंगामात 300 यंत्रं विकायची असताना पैसे 200 चेच का मागितले? कारण उरलेली 100 पहिल्या 200 च्या पैशातून बनायची आहेत. पण द्राक्षाचा शेतकरी सगळे पैसे एकदम देत नाही. निम्मे यंत्र बसवताना देतो आणि निम्मे माल गेल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये. त्यामुळे 200 यंत्रांचे 44 लाख बिल झाले तरी ऑक्टोबरपर्यंत हातात 22 लाखच येतात. त्यातून 14 लाखांची 100 यंत्रं बनतात. ‘विक्रीतून पैसा फिरत राहील’ असं नुसतं लिहिलं तर गुंतवणूकदार मान डोलावतो, पण विश्वास ठेवत नाही. निम्मे पैसे केव्हा येतात हे लिहिलं, तर तुम्ही शेतकऱ्याच्या दारात उभे राहिला आहात हे त्याला दिसतं.

आणखी एक गळती. सुट्या भागांवर 18 टक्के जीएसटी भरावा लागतो. 28 लाखांच्या मालावर तो 5 लाख 4 हजार होतो. विक्रीवर लागणाऱ्या जीएसटीतून तो वळता होतो, पण यंत्र विकलं जाईपर्यंत तेवढे पैसे अडकतात. राखीव रकमेतून ते तात्पुरते भागवायचे आहेत असं प्रस्तावात स्पष्ट लिहा. ‘राखीव’ या शब्दापुढे कारण नसेल, तर वाटाघाटीत पहिली कात्री तिथेच लागते.

अठरा महिनेच का? बारा महिन्यांचे पैसे घेतले तर हिस्सा कमी जाईल ना?

कमी जाईल, पण या कंपनीला बारा महिन्यांत फक्त एकच ऑक्टोबर छाटणी मिळते. शेतकरी यंत्र घेतो ते छाटणीच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. एखादा हंगाम पावसाने बिघडला किंवा बाजार पडला, तर पुढच्या गुंतवणूकदाराला दाखवायला काहीच उरत नाही. जूनपासून 18 महिने धरले तर पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत दोन छाटण्या पदरात पडतात, आणि वर्गणीचं नूतनीकरणही दिसतं, जे एका हंगामात दिसूच शकत नाही.

कॅलेंडरच्या दुसऱ्या टोकाचा भागही लिहा. बाहेरून मागवायच्या भागांना दोन-अडीच महिने लागतात. ऑगस्टमध्ये यंत्रं तयार हवी असतील तर मे अखेर पैसे बँकेत हवेत. टर्म शीटवर, म्हणजे मुख्य अटींच्या प्राथमिक कागदावर, सही झाल्यापासून तपासणी, करार आणि शेअर वाटप होईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. म्हणजे टर्म शीट फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हायला हवं. तेव्हा काढणी चालू असते आणि चालू 140 बागांचा निकालही हातात आलेला असतो, त्यामुळे बोलणी करायला ती वेळ चांगलीच आहे. हेच पैसे ऑक्टोबरमध्ये आले, तर रक्कम तीच, व्हॅल्युएशन तेच, पण एक हंगाम गेलेला. तुमच्या धंद्याला द्राक्षासारखा हंगाम नसेल, तरी शाळांचे प्रवेश, दिवाळी, सरकारी निविदा असं काहीतरी असतंच. ते शोधून पैशाच्या वापराशी जोडा.

संस्थापकांचा पगार दाखवावा का? आणि जुनं कर्ज फेडायला यातले पैसे वापरता येतील?

पगार दाखवा. पन्नास हजारांवर कोणी हरकत घेत नाही. शून्य पगार दाखवला तर घर कसं चालतं हा प्रश्न येतोच, आणि उत्तर ‘बाजूला कामं करतो’ असेल तर ते जास्त महागात पडतं.

जुन्या कर्जाबद्दल मात्र सीडचा गुंतवणूकदार बहुधा नाही म्हणतो. त्याचा पैसा पुढच्या कामासाठी असतो. संस्थापकांनी कंपनीला दिलेलं कर्ज असेल तर ते फेडण्याऐवजी शेअरमध्ये बदलायचं का, हे आधीच ठरवा आणि उघडपणे लिहा. ताळेबंदातून ते त्याला सापडणारच आहे.

व्हॅल्युएशन नेमकं कशावरून ठरलं?

खरं उत्तर असं, की या टप्प्यावर व्हॅल्युएशन गणितातून कमी आणि बोलण्यातून जास्त ठरतं. कंपनीला 1.12 कोटी हवेत. सीड फेरीत साधारण 15 ते 25 टक्के हिस्सा जातो. 15 टक्के धरले तर फेरीनंतरची किंमत सुमारे 7.47 कोटी येते, 25 टक्के धरले तर 4.48 कोटी. बोलणी याच पट्ट्यात होतात. आपण 20 टक्के धरले, म्हणजे 5.6 कोटी.

त्या पट्ट्यात तुम्ही वर सरकता की खाली, हे पुराव्यावर ठरतं. या कंपनीचा सगळ्यात मजबूत पुरावा 140 यंत्रं हा नाही. तो असा, की आधीच्या वर्षी बसवलेल्या 60 पैकी 51 शेतकऱ्यांनी या वर्षी 4,000 रुपये पुन्हा भरले. फुकट दिलेलं यंत्र कोणीही बागेत ठेवतो, पण दुसऱ्या वर्षी खिशात हात घालणारा शेतकरी फवारणी वाचल्याशिवाय घालत नाही. प्रस्तावात हा आकडा व्हॅल्युएशनच्या शेजारी हवा, परिशिष्टात नको.

पाच वर्षांचे अंदाज मांडून डीसीएफ पद्धतीने, म्हणजे पुढच्या कमाईचं आजचं मोल धरून, काढलेली किंमत मुख्य प्रस्तावात घालू नका. पाचव्या वर्षाचा आकडा थोडा हलवला की उत्तर दुप्पट होतं, हे समोरच्यालाही माहीत असतं.

प्री-मनी आणि पोस्ट-मनी यांत आमचा नेहमी गोंधळ होतो. नीट सांगाल का?

पैसे येण्याआधीची किंमत प्री-मनी, पैसे आल्यानंतरची पोस्ट-मनी. दोहोंत फरक फक्त आलेल्या पैशाचा:

```
पोस्ट-मनी = प्री-मनी + गुंतवणूक = 4.48 + 1.12 = 5.60 कोटी
हिस्सा = गुंतवणूक ÷ पोस्ट-मनी = 1.12 ÷ 5.60 = 20%
```

नेहमीची चूक ही, की 1.12 ला 4.48 ने भागून 25 टक्के काढले जातात. किंवा संस्थापक ‘साडेचार कोटी व्हॅल्युएशन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात प्री-मनी असतं आणि ऐकणाऱ्याच्या मनात पोस्ट-मनी. पाच टक्क्यांचा हा फरक महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही आणि करार लिहिताना भांडण होतं. प्रस्तावात दोन्ही आकडे लिहा आणि प्रत्येकापुढे कोणता ते लिहा.

खरा पेच याच्या पुढे आहे, आणि तो ईसॉपचा. कर्मचाऱ्यांसाठी शेअर राखून ठेवायचे असतात. गुंतवणूकदार म्हणतो, फेरीनंतर 10 टक्के पूल हवा आणि तो प्री-मनीत धरा. वाक्य साधं आहे, पण प्रति शेअर किंमत त्याने बदलते.

पूल नसताना 4.48 कोटींना 56,000 शेअरनी भागायचं. एका शेअरची किंमत 800 रुपये येते. 1.12 कोटींत गुंतवणूकदाराला 14,000 शेअर मिळतात. एकूण शेअर 70,000, त्यात त्याचे 20 टक्के आणि संस्थापकांचे 80.

आता पूल प्री-मनीत धरा. फेरीनंतर संस्थापकांचे 70 टक्के उरायचे असतील, तर एकूण शेअर 80,000 व्हायला हवेत. म्हणजे पूल 8,000 शेअरचा. प्री-मनी तेच 4.48 कोटी, पण भागायचं 64,000 ने, म्हणून किंमत 700 रुपये. गुंतवणूकदाराला 16,000 शेअर मिळतात. त्याचे टक्के तेच 20, पण संस्थापक 80 वरून 70 वर आले.

त्यांच्या 56,000 शेअरना 700 ने गुणलं तर 3 कोटी 92 लाख होतात. कागदावर प्री-मनी 4.48 कोटी लिहिलेलं असलं तरी संस्थापकांच्या कंपनीला मिळालेली किंमत ही आहे. मधले 56 लाख अजून कोणाला न दिलेल्या शेअरचे आहेत आणि त्याचा भार एकट्या संस्थापकांवर पडला. हे फसवणूक वगैरे नाही, पद्धतच अशी रूढ आहे. पण दोन गुंतवणूकदारांच्या ऑफरची तुलना करताना व्हॅल्युएशन बघू नका, प्रति शेअर किंमत बघा. 4.8 कोटी प्री-मनी आणि मोठा पूल, यापेक्षा 4.48 कोटी आणि लहान पूल अनेकदा बरा पडतो.

मग पूल लहान कसा करून घ्यायचा?

येत्या 18 महिन्यांत कोणाला किती शेअर द्यायचे आहेत, याची यादी करा. पैशाच्या वापराच्या तक्त्यात माणसं आधीच लिहिलेली आहेत. फर्मवेअरवाल्याला दीड टक्का, अ‍ॅपवाल्याला एक, कृषी पदवीधराला अर्धा, पुढे येणाऱ्या विक्रीप्रमुखाला दीड, आणि दोन-तीन लहान वाटपं. बेरीज 6 टक्क्यांच्या आसपास येते. अशी यादी समोर ठेवली की 10 टक्क्यांची मागणी खाली येते, कारण ती कशावर आधारलेली नसते. खर्चाचा तक्ता इथे थेट तुमचा हिस्सा वाचवतो.

जास्त व्हॅल्युएशन मिळत असेल तर घ्यायचं नाही का?

मिळणाऱ्या आकड्याला पुढच्या फेरीच्या कसोटीवर लावून बघा. समजा कोणी 9 कोटी प्री-मनी द्यायला तयार झालं. पोस्ट-मनी 10.12 कोटी, हिस्सा फक्त 11 टक्के जातो. छान वाटतं.

आता दोन हंगाम पुढे जा. लक्ष्य गाठलं तर पुढच्या फेरीत 12 कोटी प्री-मनी मिळेल असं धरा. 5.6 कोटींवरून ती दुपटीहून मोठी झेप आहे. 10.12 वरून मात्र दोन वर्षांच्या मेहनतीनंतर जेमतेम वाढ. आणि लक्ष्याच्या निम्म्यावरच पोचलात, प्री-मनी 7 कोटींवर आलं, तर पहिल्या परिस्थितीत ती अजूनही चढती फेरी आहे. दुसऱ्यात ती उतरती फेरी होते. किंमत घसरली तर जुन्या गुंतवणूकदाराला भरपाईचे शेअर देणारं अँटी-डायल्युशनचं कलम लागू होतं, जुन्या गुंतवणूकदाराचे जास्तीचे शेअर संस्थापकांच्या हिश्श्यातून जातात आणि नवा गुंतवणूकदार ‘किंमत का घसरली’ यावरच बैठक संपवतो. सीडमध्ये वाचवलेले 9 टक्के तिथे परत द्यावे लागू शकतात, त्याही वाईट अटींवर.

म्हणून माझं मत असं, की पैशाचा वापर ज्या टप्प्यापर्यंत नेतो, तो टप्पा अर्धाच गाठला तरी पुढची किंमत आजच्या पोस्ट-मनीच्या वर राहील, एवढंच व्हॅल्युएशन मागावं.

गुंतवणूकदार हेच व्हॅल्युएशन कसं वाचतो?

तो शेवटाकडून मागे येतो. सीडमधल्या बऱ्याच कंपन्या बुडतात, म्हणून चालणाऱ्या कंपनीतून त्याला किमान दसपट हवी असते. 1.12 कोटींचे 11.2 कोटी. पुढच्या फेऱ्यांत त्याचे 20 टक्के घटून समजा 12 राहिले. 11.2 ला 0.12 ने भागलं तर कंपनीची किंमत सुमारे 93 कोटी व्हायला हवी. विक्रीच्या चौपट किंमत धरली तर वर्षाला सव्वातेवीस कोटींचा धंदा. आपल्या दरांनी तो होतो वर्षाला नऊ हजारांच्या आसपास नवीन यंत्रं विकून, आणि तेवढ्याच वर्गण्या गोळा करून.

आता त्याचा प्रश्न एवढाच असतो, की नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांत एवढी यंत्रं जातील का, आणि डाळिंबाकडे वळावं लागेल का. हे गणित तुम्ही आधीच केलेलं असेल तर बोलणं टक्क्यांवरून बाजारावर येतं, आणि तिथे तुम्हाला त्याच्याहून जास्त माहीत असतं.

एंजल टॅक्स गेला म्हणतात. मग व्हॅल्युएशन रिपोर्टची गरज आहे का?

आहे. शेअरच्या वाजवी किमतीपेक्षा जास्त प्रीमियम घेतला तर त्यावर कर लावणारी ती तरतूद 2012 मध्ये आली होती. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात ती काढली आणि कर निर्धारण वर्ष 2025-26 पासून ती लागू नाही. पण तो आयकराचा भाग झाला. कंपनी कायदा 2013 खाली ठरावीक लोकांना नवे शेअर द्यायचे तर रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा अहवाल लागतो, आणि अहवालातल्या किमतीपेक्षा कमी दराने शेअर देता येत नाहीत.

इथे एक गंमत नसलेली अडचण उभी राहते. संस्थापक व्हॅल्युअरला फारच उत्साही अंदाज देतात, अहवालात शेअरची किंमत 950 रुपये येते आणि करार तर 700 ला झालेला असतो. मग अहवाल नव्याने करण्याची धावपळ. व्हॅल्युअरला तेच अंदाज द्या जे गुंतवणूकदाराला दिले आहेत.

दर्शनी किंमत 10 आणि शेअर 700 ला, म्हणजे 690 रुपये प्रीमियम. आलेल्या 1.12 कोटींपैकी भागभांडवलात फक्त 1 लाख 60 हजार दिसतील, बाकी सिक्युरिटीज प्रीमियम खात्यात. ताळेबंद पाहून घाबरू नका.

हिस्सा सारखाच असला तरी अटींनी फरक पडतो का?

खूप पडतो. सीडचा पैसा भारतात बहुधा सीसीपीएस म्हणजे सक्तीने इक्विटीत बदलणाऱ्या प्रेफरन्स शेअरच्या रूपात येतो, आणि त्यासोबत लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली गेली तर आपले पैसे आधी घेण्याचा हक्क, असतो. कंपनी समजा अडीच कोटींना विकली गेली. साध्या 20 टक्क्यांनी गुंतवणूकदाराला 50 लाख मिळाले असते. ‘एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग’ असेल तर तो आधी आपले 1.12 कोटी घेतो आणि थांबतो. ‘पार्टिसिपेटिंग’ असेल तर 1.12 कोटी घेऊन उरलेल्या 1.38 कोटींतही 20 टक्के घेतो, म्हणजे एकूण जवळजवळ 1 कोटी 40 लाख. पहिली अट रास्त आहे. दुसरीसाठी व्हॅल्युएशन वाढवून मागा किंवा नाही म्हणा.

व्हॅल्युएशन आत्ता न ठरवता पैसे घेता येतात ना?

येतात. कन्व्हर्टिबल नोट, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज, हा एक मार्ग आहे. त्यासाठी कंपनीला स्टार्टअप म्हणून डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या विभागाची मान्यता हवी आणि प्रत्येक गुंतवणूकदाराने एकाच हप्त्यात किमान 25 लाख द्यायला हवेत. दुसरा मार्ग आय-सेफ, जो 2019 मध्ये 100X.VC या गुंतवणूक संस्थेने आणला. तो कायद्याच्या भाषेत सीसीपीएसच असतो. दोन्हींत कमाल किंमत, म्हणजे कॅप, आणि पुढच्या फेरीच्या दरावर सूट लिहितात. कॅप लिहिली की व्हॅल्युएशनची चर्चा टळली असं मुळीच होत नाही. ती प्री-मनी आहे की पोस्ट-मनी हे तपासा, आणि दोन-तीन जणांकडून असे पैसे घेतले असतील तर सगळे एकदम बदलले तर तुमचे किती टक्के उरतील, याचा तक्ता आजच करा.

गुंतवणूकदार पैसे दोन हप्त्यांत देतो म्हणतो. हरकत आहे का?

दुसऱ्या हप्त्याची अट आणि तारीख तुमच्या हंगामाशी जुळत असेल तर नाही. ‘डिसेंबरपर्यंत 300 यंत्रं विकली तर उरलेले 50 लाख’ ही अट चालेल. ‘जुलैपर्यंत 100 यंत्रं’ ही अट चालणार नाही, कारण जुलैत कोणी यंत्र घेतच नाही. आणि पहिला हप्ता एकट्याने निदान एक हंगाम पार करून देतो का, ते पाहा. आपल्या तक्त्यात साठ्याचे 28 लाख आणि सहा महिन्यांचे 24 लाख, म्हणजे 52 लाखांच्या खाली पहिला हप्ता घेणं धोक्याचं. पहिल्या हप्त्यात तेवढ्याच पैशाचे शेअर द्यायचे, हेही करारात हवं.

नातेवाईक, मित्र आणि अमेरिकेतला मामेभाऊ पैसे द्यायला तयार आहेत. त्यांना कसं घ्यायचं?

सगळ्यांना त्याच फेरीत, त्याच 700 रुपयांच्या दराने. प्रायव्हेट प्लेसमेंटची ऑफर ठरावीक व्यक्तींच्या नावानेच `PAS-4` या फॉर्ममध्ये द्यावी लागते, आणि आर्थिक वर्षात 200 हून जास्त लोकांना देता येत नाही. जाहीर आवाहन करायला कायद्याची सक्त मनाई आहे. म्हणून टर्म शीट झाल्यावर आनंदाच्या भरात ‘आमच्या कंपनीत गुंतवणूक करा’ असा मजकूर गावच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. चूक मानली गेली तर पैसे परत करायची आणि दंडाची वेळ येते.

परदेशातल्या भावाला पुढे पैसे परदेशी परत न्यायची मुभा हवी असेल, तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचे नियम लागतात. शेअरचा दर प्रमाणित वाजवी किमतीपेक्षा कमी नको, आणि वाटपानंतर 30 दिवसांत `FC-GPR` हा फॉर्म भरावा लागतो. पैसे परत न नेण्याच्या अटीवर त्याने गुंतवले तर ती देशांतर्गत गुंतवणुकीसारखी धरली जाते. दोहोंपैकी कोणतं, हे पैसे पाठवण्याआधी ठरवा, नंतर बदलणं जिकिरीचं असतं.

पैसे खात्यात आले. सुट्या भागांची ऑर्डर लगेच देता येईल?

नाही, आणि अनेकांचा हंगाम इथेच धोक्यात येतो. पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यावे लागतात. 60 दिवसांत शेअर वाटप करावं लागतं. वाटपानंतर 15 दिवसांत `PAS-3` हा फॉर्म भरायचा असतो, आणि तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. अधिकृत भागभांडवलात प्रेफरन्स शेअरची तरतूद नसेल तर त्याचा ठराव आधी करावा लागतो. कंपनी सेक्रेटरीला टर्म शीटच्या दिवशीच कामाला लावलं, तर पैसे आल्यावर आठवड्याभरात हे सगळं उरकतं.

मध्येच पैशाचा वापर बदलावा लागला तर?

करारात बहुधा लिहिलेलं असतं, की ठरलेल्या बजेटपेक्षा अमुक टक्क्यांहून जास्त फरक पडला तर गुंतवणूकदाराची संमती हवी. 10 टक्क्यांची मर्यादा प्रत्येक ओळीला लावली, तर 4 लाखांच्या ओळीत 50 हजार जास्त गेले तरी पत्र लिहावं लागेल. मर्यादा एकूण खर्चाला लावून घ्या, किंवा लहान ओळींसाठी रुपयांत ठरवा.

बदल खरंच मोठा असेल, उदाहरणार्थ अवकाळीने द्राक्षाचा हंगाम गेला आणि 28 लाखांतली निम्मी यंत्रं डाळिंबासाठी फिरवायची असतील, तर ऑर्डर देण्याआधी कळवा. ईमेलमध्ये जुना तक्ता, नवा तक्ता आणि 18 महिने पुरणारे पैसे त्यामुळे आता किती महिने पुरतील, एवढं लिहा.